पुन्हा जोडीदार शोधताना: आधी काय सांगावे, नंतर काय

घटस्फोटानंतर नवा जोडीदार शोधणाऱ्या माणसाची पहिली ओळख बहुधा एका ओळीत होते. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर, पुनर्विवाहाच्या मेळाव्यात वाटल्या जाणाऱ्या पुस्तिकेत किंवा संकेतस्थळावरच्या माहितीत ती ओळ असते: ‘निर्दोष घटस्फोटित’, ‘अल्पकालीन विवाह, विनापत्य’, ‘एक मुलगी, स्वतःजवळ’, ‘मूल आईकडे, जबाबदारी नाही’. जागा थोडी म्हणून शब्दही थोडे. पुढच्या गाठीभेटींत बोलायचे बरेचसे नेमके या शब्दांच्या आड राहिलेले असते.

पहिल्या लग्नाच्या वेळी चौकशीचे काम मोठी माणसे करतात. आत्या-मामांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळीकडून माहिती काढली जाते. दुसऱ्या वेळी तसे फारसे होत नाही. तिशी-चाळिशीतली दोन माणसे थेट एकमेकांना फोन करतात, एखाद्या हॉटेलात चहाला भेटतात आणि महिनोन् महिने घरच्यांना न सांगता बोलत राहतात. यात मोकळेपणा आहे. मात्र अवघड प्रश्न विचारणारे मधले कोणी नसल्याने सांगण्याची जबाबदारीही ज्याची त्याच्यावर येते. काय आधी सांगायचे हे ठरवण्याची कसोटी तशी साधी आहे. जी गोष्ट कळल्यावर समोरच्याचा निर्णय बदलू शकतो, ती मन गुंतण्याआधी सांगायला हवी. जी केवळ स्वतःच्या दुखऱ्या अनुभवाची आहे, तिला वेळ घेता येतो. आणि जी मुलाची किंवा पूर्वीच्या जोडीदाराची खासगी बाब आहे, तिच्यातले गरजेपुरतेच सांगावे.

या कसोटीवर सर्वांत आधी येते ती कायद्याची स्थिती. ‘माझा घटस्फोट झालाय’ या एका वाक्याचे व्यवहारात तीन-चार वेगळे अर्थ निघतात. कोणी वर्षभर वेगळे राहत असते, कोणाचा अर्ज दाखल झालेला असतो, कोणाच्या हातात न्यायालयाचा हुकूमनामा असतो, तर कोणाकडे फक्त स्टॅम्पपेपरवर दोन्ही घरच्यांच्या सह्या घेतलेली फारकत असते. हिंदू विवाह कायद्याखाली परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तर अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतर साधारण सहा महिने थांबून दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे संमती द्यायची असते. हा सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणात माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. पण तो माफ झाला नसेल तर या मधल्या काळात कोणीही एक जण संमती मागे घेऊ शकतो आणि तसे प्रत्यक्षात घडतेही. म्हणून ‘आता फक्त सही राहिलीय’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसला, तरी तो अजून विवाहितच असतो. संकेतस्थळांवर यासाठी ‘घटस्फोट प्रलंबित’ असा वेगळा पर्याय असतो. त्याऐवजी ‘घटस्फोटित’ निवडणे ही किरकोळ सवलत नाही; समोरच्याच्या वेळेशी आणि मनाशी केलेला तो खेळ आहे.

हुकूमनामा हाती आला म्हणजे लगेच लग्न करता येते, असेही नेहमी नसते. घटस्फोट वादातून लढून मिळाला असेल तर हरलेल्या बाजूला अपिलाचा हक्क असतो आणि हिंदू विवाह कायद्याने त्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली आहे. त्याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ती मुदत संपल्यावर, किंवा अपील झाले असल्यास ते फेटाळले गेल्यावरच पुन्हा विवाह करता येतो. कुटुंब न्यायालयाने परस्पर संमतीने दिलेल्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. एकतर्फी हुकूमनाम्याबाबत अधिक जपावे लागते, कारण हजर नसलेली बाजू नंतर येऊन तो रद्द करण्याचा अर्ज देऊ शकते. स्टॅम्पपेपरवरच्या फारकतीची गोष्ट याहून गंभीर आहे. एखाद्या समाजात रूढीने घटस्फोटाची रीत असेल तर कायदा ती मान्य करतो, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. एरवी नोटरीपुढे सह्या करून लग्न मोडत नाही. अशा फारकतीवर विसंबून दुसरे लग्न झाले आणि पहिले कायम असल्याचे निघाले, तर दुसरे लग्नच अवैध ठरते. त्याची झळ बहुतेक वेळा स्त्रीला आणि पुढे होणाऱ्या मुलांना बसते.

म्हणून गोष्ट गंभीर वळणावर येताच दोन्ही बाजूंनी हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत एकमेकांना दाखवावी आणि ते कोणी मनाला लावून घेऊ नये. ‘माझी प्रत मी आणलीय, तुमचीही बघितली तर बरं होईल’ असे म्हणत स्वतःचा कागद आधी पुढे केला की मागणे सोपे जाते. घटस्फोट झालेल्या माणसाकडे ही प्रत सहसा असतेच, कारण ठिकठिकाणी तिची गरज पडू शकते. ‘वकिलाकडे आहे’, ‘मूळ गावी राहिली’ अशी उत्तरे दुसऱ्या-तिसऱ्यांदा आली तर तिथेच थांबून खात्री करून घ्यावी.

लपवाछपवीची किंमत कायद्यातही मोठी आहे. विवाहासाठीची संमती महत्त्वाच्या बाबतीत फसवून मिळवली असेल तर कलम १२ खाली तो विवाह रद्द करून घेता येतो. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आधीचे लग्न आणि घटस्फोट दडवणे ही अशीच महत्त्वाची बाब असल्याचे न्यायालयांनी वेळोवेळी मानले आहे. पहिले लग्न कायम असताना दुसरे करणे हा भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि पहिले लग्न दडवून ते केले असेल तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते.

कायद्यानंतर मूल. मूल असल्याचे पहिल्याच ओळीत यावे, याबद्दल शंका नको. ‘आधी मला ओळखू दे, मग मुलीचं सांगेन’ असा विचार अनेक आया करतात आणि त्यामागची भीती समजण्यासारखी आहे, कारण ‘मूल आहे’ एवढे वाचून पान उलटणारे पुष्कळ असतात. पण तिसऱ्या भेटीत मुलीचा विषय निघाला की समोरच्याला पहिल्या दोन भेटी पुन्हा तपासून बघाव्या लागतात. शिवाय मूल नको असलेला माणूस पहिल्या दिवशीच दूर झाला तर ते आईच्या आणि मुलीच्याही सोयीचे असते. मात्र मूल आहे हे सांगणे वेगळे आणि मुलाची माहिती देणे वेगळे. वय आणि ते कोणाजवळ राहते एवढे पुरे. नाव, फोटो, शाळा, शाळेची बस कुठे थांबते, कोणत्या क्लासला जाते हे माहितीपत्रकात किंवा पहिल्या गप्पांत येता कामा नये. अनोळखी माणसापर्यंत ही माहिती पोहोचणे मुलाच्या सुरक्षेला धोक्याचे आहे. एकट्या आईशी ओळख वाढवून तिच्या मुलांपर्यंत पोहोचू पाहणारी माणसेही असतात, आणि भेटीआधीच मुलांविषयी फार चौकशी करणे ही त्यांची एक खूण असते.

नुसत्या ‘स्वतःजवळ’ या शब्दावरून समोरच्याला पुढचे आयुष्य कसे असेल ते कळत नाही. त्यासाठी एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, पुण्यात नोकरी करणारी छत्तीस वर्षांची स्त्री आहे. सात वर्षांची मुलगी तिच्याजवळ असते. घटस्फोट परस्पर संमतीने झाला आहे आणि न्यायालयात दिलेल्या अटींनुसार मुलीचे वडील पहिल्या व तिसऱ्या शनिवार-रविवारी तिला घेऊन जातात. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी वाटलेली आहे. वडील मुलीसाठी दरमहा १२ हजार रुपये आणि शाळेची निम्मी फी देतात. पत्नीला पोटगी म्हणून एकरकमी रक्कम मिळाली आहे. तिची ओळख नाशिकच्या एका एक्केचाळीस वर्षांच्या पुरुषाशी होते. त्याचाही घटस्फोट झाला आहे आणि बारा वर्षांचा मुलगा आईजवळ नागपूरला असतो. त्याच्या माहितीपत्रकात ‘स्वतःचा फ्लॅट, पगार चांगला, जबाबदारी नाही’ असे लिहिले आहे.

दुसऱ्या भेटीत तो सहज विचारतो की लग्नानंतर नाशिकला यायला जमेल का. वरवर हा घर आणि नोकरीचा प्रश्न आहे. पण मुलगी नाशिकला गेली तर महिन्यातून दोनदा होणारी वडिलांची भेट कशी होणार? अटींमध्ये शहर सोडण्याबाबत काही लिहिले असेल तर ते पाळावे लागेल, नसेल तरी वडील न्यायालयात जाऊ शकतात. म्हणजे तिच्या ‘हो’ किंवा ‘नाही’त तिसऱ्या माणसाचाही वाटा आहे. हे तिने त्याच वेळी सांगितले पाहिजे: ‘मुलीच्या बाबांची भेट पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात असते. पुणे सोडायचं तर त्यांच्याशी बोलून अटी बदलून घ्याव्या लागतील, आणि ते होईलच असं नाही.’ एवढ्या दोन वाक्यांनी समोरच्याला खरे चित्र मिळते. तिने ‘बघू, जमेल’ म्हटले आणि त्याने त्या भरवशावर मन गुंतवले, तर पुढे दोघांचीही कोंडी होते.

दुसरे लग्न केले की मुलाचा ताबा जाईल, ही भीती अनेक स्त्रियांना गप्प बसवते. केवळ आईने पुन्हा लग्न केले म्हणून ताबा आपोआप जात नाही. न्यायालय मुलाचे हित पाहते, आणि त्यात नवे घर, तिथली माणसे, मुलाचे स्वतःचे म्हणणे हे सगळे येते. पैशाबाबतही असाच गोंधळ असतो. पत्नीला महिन्याला मिळणारी पोटगी पुनर्विवाहानंतर न्यायालय बदलू किंवा बंद करू शकते, पण मुलाच्या पालनपोषणाची वडिलांची जबाबदारी आईच्या लग्नाने संपत नाही. हा फरक नव्या जोडीदाराला आधीच माहीत असला, तर ‘आता तिचा खर्च ते कशाला देतील’ हा वाद पुढे उद्भवत नाही.

आता त्या पुरुषाचे. ‘जबाबदारी नाही’ असे लिहिताना मुलगा त्याच्या घरी राहत नाही, एवढेच त्याच्या मनात होते. प्रत्यक्षात तो मुलासाठी दरमहा २० हजार रुपये पाठवतो. फ्लॅट पूर्वपत्नीच्या आणि त्याच्या संयुक्त नावावर आहे आणि त्याचा हप्ता २८ हजारांचा आहे. हातात येणारा पगार ८५ हजार असेल तर घरखर्चाला उरतात ३७ हजार. यात लाजण्यासारखे काही नाही. मुलाचा खर्च वेळेवर पाठवणारा बाप, ही खरे तर त्याच्याबद्दलची चांगली गोष्ट आहे. पण समोरची स्त्री ८५ हजारांच्या आणि स्वतःच्या घराच्या हिशेबाने विचार करत असेल, आणि संयुक्त नावाची गोष्ट तिला चौथ्या महिन्यात सोसायटीच्या देखभाल बिलावरून कळली, तर बिघडते ते पैशावरून नव्हे. ‘अजून काय सांगायचं राहिलंय?’ हा प्रश्न मग तिच्या मनातून जात नाही. पोटगी, मुलाचा खर्च, कर्ज, संयुक्त मालमत्ता, पूर्वीच्या जोडीदाराचे नाव अजून ज्यावर आहे असे विमे आणि खाती: या गोष्टी आकड्यांसह, लग्नाचा विषय पक्का होण्याच्या बऱ्याच आधी समोर याव्यात. पहिल्या भेटीत पगारपत्रक दाखवण्याची गरज नाही, पण तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत ‘दर महिन्याला माझ्या पगारातून एवढी रक्कम जाते आणि अजून इतकी वर्षं जाणार आहे’ हे कळलेले असावे.

लग्न का मोडले, हा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो हमखास पहिल्याच भेटीत विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुतेक जण एक तर फार देतात किंवा अजिबात देत नाहीत. पहिल्या भेटीला तीन-चार वाक्यांचे उत्तर पुरते, आणि ते आधी मनाशी जुळवून ठेवावे. उदाहरणार्थ: ‘आमचं लग्न सहा वर्षं टिकलं. पैशाच्या आणि घरच्यांच्या बाबतीत आमचे विचार जुळले नाहीत. मीही बऱ्याच गोष्टी वेळेवर बोलले नाही. २०२२ मध्ये संमतीनं घटस्फोट झाला, आता कुठलीही केस नाही.’ यात काळ आहे, ढोबळ कारण आहे, स्वतःच्या वाट्याचा उल्लेख आहे आणि आजची स्थिती आहे. पूर्वीच्या जोडीदाराचा आजार, त्याचे व्यसन, शरीरसंबंधांतल्या अडचणी किंवा सासूचे बोलणे यात नाही, आणि पहिल्या भेटीत ते येऊही नये. ओळखीच्या दुसऱ्या तासाला पूर्वीच्या नवऱ्याचे वैद्यकीय कागद दाखवणारी व्यक्ती उद्या आपलेही असेच सांगेल, असे ऐकणाऱ्याला वाटले तर त्यात त्याची चूक नाही.

छळ आणि मारहाण सोसलेल्या व्यक्तीला वेगळा न्याय लावायला हवा. आपल्यावर काय गुदरले ते अनोळखी माणसापुढे उलगडण्याचे बंधन तिच्यावर नाही. ‘ते घर सुरक्षित नव्हतं, म्हणून मी बाहेर पडले, सविस्तर पुढे कधीतरी सांगेन’ हे उत्तर पूर्ण आहे, आणि त्यावर खोदून विचारणारा माणूस तिथेच आपली ओळख देतो. उलट ज्याच्यावर कौटुंबिक हिंसाचाराची किंवा फौजदारी तक्रार चालू आहे, त्याने ती सांगितलीच पाहिजे, मग त्याच्या मते ती कितीही खोटी असो. न्यायालयाच्या तारखा, जामिनाच्या अटी आणि वकिलाचा खर्च नव्या जोडीदाराच्याही आयुष्यात येणार असतो. बाजू मांडायची मोकळीक त्याला आहे, गोष्ट दडवायची नाही.

उत्तर ऐकताना तपशिलापेक्षा रीत पाहावी. सगळा दोष एकाच बाजूला, वर्षांनंतरही तसाच धगधगता राग, दर भेटीत थोडी बदललेली हकिकत, मुलाबद्दल बोलताना मुलापेक्षा ताब्याच्या लढाईचाच जास्त उल्लेख: ही चिन्हे थांबायला सांगतात. दुसऱ्या टोकाला पूर्वीच्या जोडीदाराशी असलेला साधा, कामापुरता संपर्क अनेकांना खटकतो, पण तो सहसा चांगलीच खूण असते. मूल असेल तर दोन पालकांना फी, ताप आणि सुट्ट्यांबद्दल बोलावेच लागते. तो संपर्क किती आणि कशासाठी असतो हे आधीच सांगितलेले असले की शनिवारी संध्याकाळी आलेल्या फोनवरून संशय येत नाही.

मुलाला हे सगळे कधी कळावे? नाते दोन मोठ्या माणसांपुरते पुरेसे स्थिर झाल्यावर, पण नातेवाइकांकडून किंवा शाळेतल्या कोणाकडून कळण्याआधी. घटस्फोटातून गेलेल्या मुलाने एक घर मोडताना पाहिलेले असते. दर दोन महिन्यांनी घरी येणारे नवे ‘काका’ त्याला पुन्हा पुन्हा तोच अनुभव देतात. सावत्र कुटुंबांवर अनेक वर्षे काम केलेल्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाउ यांनी दाखवून दिले आहे की मोठ्यांच्या प्रेमाचा वेग आणि मुलांच्या स्वीकाराचा वेग यांत फार अंतर असते. नव्या माणसाला आवडून घेणे म्हणजे आपल्या बाबांशी किंवा आईशी बेइमानी, असे मुलाला वाटू शकते. त्यामुळे मूल रुसले, तुटक वागले तर त्याला वाईट वळण समजू नये. त्यांचा आणखी एक सल्ला आपल्याकडे विशेष लागू पडतो: सुरुवातीला शिस्त लावण्याचे काम जन्मदात्या पालकाकडेच राहावे आणि नव्या माणसाने आधी फक्त ओळख वाढवावी.

आपल्याकडे घाई बहुतेकदा घरच्यांची असते. साखरपुडा व्हायच्या आत आजी नातीला म्हणते, ‘यांना बाबा म्हणायचं हं आता.’ सात वर्षांच्या मुलीचे बाबा त्याच शहरात असतात आणि शनिवारी तिला न्यायला येणार असतात. तिने ‘काका’ म्हणावे, नावाने हाक मारावी किंवा काहीच म्हणू नये, ते तिच्यावर सोडावे. पहिली भेट तासाभराची, घराबाहेर, बागेत किंवा आइस्क्रीमच्या दुकानात असावी आणि आईने हात सोडून बाजूला जाऊ नये. भेटीआधी मुलीला खरे सांगावे: ‘हे माझे मित्र आहेत, मला ते आवडतात.’ ‘ऑफिसमधले काका’ हे खोटे पुढे तिच्या लक्षात येतेच.

एक प्रश्न स्त्रियांनी समोरच्याला फार आधी, सरळ विचारावा: लग्नानंतर मूल कुठे राहणार? ‘मुलीला आजोळी ठेवू, सुट्टीत आणू’ ही सूचना पुनर्विवाहाच्या बोलण्यांत अजूनही येते, आणि बऱ्याचदा मुहूर्त ठरल्यावर येते. तेव्हा मागे फिरणे अवघड असते. सोबत आडनावाचाही विषय काढून टाकावा. नव्या वडिलांचे नाव शाळेत आणि कागदपत्रांवर लावणे हा केवळ अर्ज भरण्याचा प्रश्न नाही. दत्तकविधान करायचे तर हयात असलेल्या जन्मदात्या वडिलांची संमती लागते, आणि ती मिळाली तर मुलाचे त्यांच्याशी असलेले कायदेशीर नाते संपते. अनेक कुटुंबांना ते नकोही असते.

लग्न पक्के झाल्यावर पूर्वीच्या जोडीदाराला कळवणे राहते. मूल सामाईक असेल तर त्याला किंवा तिला ही बातमी मुलाच्या तोंडून कळू नये, कारण मग निरोप्याचे काम मुलावर येते. दोन-तीन ओळींचा लेखी संदेश पुरतो: लग्न कधी आहे, मुलाच्या राहण्यात काय बदल होईल, भेटीचे दिवस तसेच राहतील की बदलायचे आहेत. तो पाठवण्याआधी नव्या जोडीदाराला दाखवावा, म्हणजे त्यालाही कळते की मुलाच्या भेटीबाबत काय ठरले आहे.